तीन आमसुली

माझ्यासमोर टेबलावर टू बाय टू रुबियाचे तीन ब्लाउजपीस पडले आहेत. एकाच रस्त्यावरच्या तीन मॅचिंगवाल्यांकडून आणलेले, आणि तिघांनीही एकच नाव सांगून दिलेले: आमसुली. पहिला इतका गडद आहे की घडीत तो काळाच दिसतो. दुसरा तपकिरीकडे झुकलेला. तिसऱ्याला मी तरी सरळ गुलाबी म्हटलं असतं. मावशीच्या जुन्या रेशमी साडीला यातला एक जुळायला हवा होता. जुळला एकही नाही.

गंमत अशी की तिघांपैकी खोटं कुणीच बोललं नव्हतं. डब्यातलं वाळलेलं आमसूल काळपट जांभळं असतं. तेच आमटीत शिजून निघालं की तपकिरी-लाल होतं. आणि सोलकढीच्या वाटीत नारळाच्या दुधाशी गाठ पडली की गुलाबी. फळ एक आणि दुकानं तीन, प्रत्येकाने आपापल्या आमसुलाकडे बोट दाखवलं होतं.

कापडातली आपली बहुतेक नावं अशीच स्वयंपाकघरातून, बागेतून आणि पक्ष्यांकडून आली आहेत. डाळिंबी, श्रीखंडी, अबोली, मोरपंखी, पारवा, विटकरी. ज्या काळी रंगाऱ्याकडे मोजके रंग होते आणि गिऱ्हाईक त्याच गावचं होतं, त्या काळी तेवढं पुरत असे. पण वस्तूचा रंग एक नसतो. डाळिंबाचं फूल वेगळं, साल वेगळी, दाणा वेगळा. वीट कुठल्या मातीची आणि किती भाजलेली यावर विटकरी ठरतो. पुढे तर नावाची वस्तूशी नाळही तुटते. जळगावच्या भरिताची वांगी फिकट हिरवी असतात, पण तिथल्या साडीच्या दुकानात वांगी रंग मागितला तर समोर जांभळंच येणार. त्यात राणी, रामा, फिरोजी, रस्ट अशी बाजारातून आलेली नावं मिसळली की दोन दुकानदारांचं एकमत होणं हा योगायोगच.

रंगाच्या दुकानातली अडचण उलटी आहे. तिथे एका शब्दात अनेक रंग नसतात, तर एकाच रंगाला प्रत्येक कंपनीचं वेगळं नाव असतं. शेड कार्डावर हजारापेक्षा जास्त छटा असतात आणि प्रत्येकीला नाव हवं, मग धुकं, दव, चांदणं, वाळवंट अशी पळवापळवी सुरू होते. ती नावं रंगाचं वर्णन करायला ठेवलेलीच नसतात, लक्षात राहायला ठेवलेली असतात. एका कंपनीच्या ‘धुक्यात’ निळसर झाक असेल तर दुसरीच्या धुक्यात पिवळसर. म्हणून नावाखाली बारीक अक्षरात छापलेला कोड हाच खरा रंग समजायचा, आणि तोही त्या एकाच कंपनीपुरता. दुकानदार तो कोड टिंटिंग मशीनला देतो. यंत्र ठरलेल्या बेसच्या डब्यात मोजून थेंब सोडतं आणि मग डबा घुसळला जातो. त्यामुळे कोडाबरोबर बेसही टिपून ठेवावा लागतो. फिकट छटेच्या बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं, गडद छटेच्या बेसमध्ये ते जवळजवळ नसतं. आमसुलीचा मसाला चुकून पांढऱ्या बेसमध्ये पडला तर भिंतीवर सोलकढीच यायची.

सगळ्यांनी मान्य केलेला आकडा असूच शकत नाही, असं मात्र नाही. पोस्टाच्या पेटीचा लाल घ्या. रंगांच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ५ मध्ये, ‘पोस्ट ऑफिस रेड’ला ५३८ हा क्रमांक आहे आणि त्याच्या शेजारच्या ‘सिग्नल रेड’ला ५३७. तोंडी बोलताना दोन्ही लालभडक. निविदेत आकडा लिहिला की वाद मिटतो. राष्ट्रध्वजाच्या बाबतीत तर आपण आणखी पुढे गेलो. ‘केशरी’ हा शब्द दुधात भिजवलेल्या केशरापासून मठावरच्या भगव्यापर्यंत कुठेही जाऊ शकतो, म्हणून ध्वजाच्या मानकात तो शब्दावर सोडलेला नाही. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या १९३१ च्या पद्धतीने तिथे आकडे दिलेले आहेत: केशरीसाठी ०.५३८ आणि ०.३६०, आणि उजळपणा २१.५. पहिले दोन आकडे नकाशावरच्या अक्षांश-रेखांशांसारखे, रंगांच्या नकाशावर बोट कुठे ठेवायचं ते सांगणारे. तिसरा सांगतो की पडलेल्या प्रकाशापैकी साधारण किती टक्के परत फिरतो. शिवाय हे मोजमाप कोणत्या प्रकाशात खरं, तेही मानकात नमूद आहे. प्रकाश सांगितल्याशिवाय रंगाचा आकडा अपुरा असतो, हे पुढे मला चांगलंच महागात पडलं.

पण मॅचिंगवाल्यासमोर उभं राहून दशांश चिन्हं कोण सांगणार? तिथे उपयोगी पडतो तो बोस्टनमधला चित्रकलेचा शिक्षक आल्बर्ट मन्सेल. मुलांना रंग शिकवताना याच गोंधळाला कंटाळून त्याने १९०५ मध्ये एक पद्धत पुस्तकरूपाने मांडली. त्याचं म्हणणं असं की कुठल्याही रंगाला तीन प्रश्न विचारावेत आणि ते वेगवेगळे विचारावेत. रंग कोणत्या घरातला आणि कोणत्या शेजाऱ्याकडे झुकलेला? काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या शून्य ते दहा पायऱ्यांवर तो किती उजळ? आणि राखाडीपासून किती दूर, म्हणजे किती चोख किंवा किती मळका? आपण ‘डार्क’ म्हणतो तेव्हा दुसरा आणि तिसरा प्रश्न एकात कालवून टाकतो. कुणाला डार्क म्हणजे गडद म्हणायचं असतं, कुणाला भडक. दुकानातली निम्मी भांडणं याच एका शब्दाची असावीत असा माझा संशय आहे.

माझ्या तीन तुकड्यांना हे प्रश्न विचारून पाहिले. पहिला: लाल आणि जांभळ्याच्या सीमेवर, उजळपणा जेमतेम दोन, चोखपणा थोडा, चारच्या आसपास. मन्सेलच्या लिपीत हे `10RP 2/4` असं लिहितात. आधी घर, मग उजळपणा, तिरक्या रेघेनंतर चोखपणा. हे डोळ्यांनी लावलेले अंदाज आहेत, यंत्राने मोजलेले नाहीत. तिसरा, सोलकढीवाला: घर तेच, चोखपणा किंचित जास्त, पण उजळपणा सात. म्हणजे ज्याला मी गुलाबी म्हणून बाजूला सारलं तो पहिल्याचा सख्खा भाऊच निघाला, फक्त पाच पायऱ्या वर उभा. आणि दुसरा, जो घाईत मला सगळ्यात जवळचा वाटला होता? उजळपणात तो पहिल्याला चिकटून होता, पण घर लालावरून नारिंगीकडे सरकलेलं, म्हणूनच तपकिरी. साडीवर ठेवला की तो जुना, विटलेला दिसे. साडीला शोभणारा फिकट ब्लाउज हवा असता तर तिसरा चालला असता. दुसरा कशालाच चालला नसता. चूक उजळपणात असेल तर डोळा ती बरीच सोसतो, शेजारच्या घरात शिरलेला रंग मात्र खटकतो.

तेव्हा पुढच्या दुकानात मी आमसुली हा शब्दच उच्चारला नाही. म्हटलं, “दादा, मरूनपेक्षा जांभळ्याकडे, तपकिरी झाक अजिबात नको, खूप गडद पण चमक नको.” त्यांनी वर पाहिलं, शिडी लावली आणि दोनच तागे काढले. त्यातला एक साडीवर असा बसला की कडा दिसेना.

तो ब्लाउज मावशीने लग्नाच्या हॉलमध्ये घातला आणि पिवळ्या दिव्यांखाली तो स्पष्ट तपकिरी झाला. साडी होती तशीच आमसुली. हा कुणाच्या डोळ्यांचा दोष नव्हता. रेशमाला लागणारे रंग वेगळे, रुबियाच्या सुताला लागणारे वेगळे. दोन वेगळ्या मिश्रणांनी आपल्या डोळ्यात तोच परिणाम साधता येतो, पण तो त्या एका प्रकाशापुरता. दिव्यात लाल-पिवळा वाढला आणि निळा घटला की दोन्ही मिश्रणं तो निरनिराळ्या प्रमाणात परतवतात आणि जोडी फुटते. म्हणून कापड गिरण्यांमध्ये रंग जुळवायची एक पेटीच असते. तिच्यात बटण दाबून दिवसाचा उजेड, दुकानातली ट्यूब आणि घरातला पिवळा दिवा आळीपाळीने लावता येतो, आणि तिन्हींत टिकलेला नमुनाच पास होतो. आपल्याला पेटी लागत नाही. तागा दुकानाच्या पायरीवर आणायचा, उन्हात नव्हे, सावलीत; मग ट्यूबखाली; मग मोबाइलचा टॉर्च नको, एखादा पिवळा बल्ब शोधायचा. ट्यूबखाली जुळलेला रंग म्हणजे अर्धाच जुळलेला.

बहीण दुसऱ्या शहरात असेल तर? फोटो पाठवतोच आपण. पण फोन स्वतःच्या मर्जीने पांढरा रंग ठरवतो. गडद लाल कापडाने चौकट भरली की तो त्यातला लाल कमी करून पाहतो. साडीशेजारी पांढरा कागद ठेवून सावलीत काढलेला फोटो त्यातल्या त्यात बरा, तरी समोरची स्क्रीन तुमच्या हातात नसतेच. त्यापेक्षा मला भरतकामाच्या दोऱ्याची लड जास्त भरवशाची वाटते. तिच्या कागदी पट्टीवर शेड नंबर असतो. इथे साडीला लड लावून जुळणारा नंबर काढायचा, बहिणीने तिथे त्याच कंपनीचा तोच नंबर घ्यायचा आणि तो घेऊन दुकानात जायचं. दोरा चमकतो, तेव्हा तो कापडावर आडवा धरून एकाच बाजूने पाहायचा, एवढं पथ्य.

यानंतर मावशीला पुढच्या खोलीची एक भिंत त्याच साडीच्या रंगाची हवी झाली. साडी घेऊन रंगाच्या दुकानात गेलो. तिथल्या यंत्राने कापड मोजून सर्वांत जवळचा कोड दिला. पण बोटभर तुकड्यावर सोज्वळ वाटलेला रंग भिंतभर पसरला की जास्त भडक वाटतो. कोपऱ्यात तर दोन भिंती एकमेकींवर आपलाच रंग उधळतात. म्हणून कोडाच्या शेजारची, किंचित मळकी छटा घेतली. आधी छोटा डबा आणून, प्रायमर मारलेल्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट चौकोनाला दोन हात दिले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट पाहिली. ओला इमल्शन दुधाळ दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. ओल्या भिंतीकडे पाहून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. मग लागणारा सगळा रंग एकदमच करून घेतला आणि सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळले, कारण एकाच कोडाचे दोन डबेही थोडे डावे-उजवे निघू शकतात.

मावशी आता तिच्या पैठणीला जुळणारं कापड शोधायला सांगते आहे. ती पैठणी धूपछाव आहे. ताणा आमसुली, बाणा मोरपंखी. समोरून पाहिली तर एक रंग, खांद्यावरून पडताना दुसरा, आणि चालताना दोघांमधलं काहीतरी. हिला मन्सेलचा एक आकडा देता येत नाही, यंत्र दर खेपेला नवा कोड सांगतं. पदराच्या आतल्या बाजूची एक दशी काढून घेतली आहे. तिच्यातले ताण्याचे आणि बाण्याचे धागे वेगळे करून, पांढऱ्या कागदाला दोन ठिकाणी चिकटवून, उद्या पुन्हा त्याच शिडीवाल्या दादांकडे जाणार आहे.