पाइप, कठडा आणि कोपरे: दिल्लीच्या गच्चीवर मेम्ब्रेन लावायची की पीयू?

वॉटरप्रूफिंगच्या मागच्या भागांखाली एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. गॅसच्या ज्वाळेनं चिकटवायची डांबरी मेम्ब्रेन चांगली की ब्रशनं, रोलरनं लावायचं पॉलियुरेथेन, म्हणजे साइटवरच्या भाषेत पीयू? मी दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या पट्ट्यात हे काम करतो, म्हणून उदाहरण इथलंच घेतो. पुण्या-नागपुरात, इंदूर-बडोद्यात राहणाऱ्यांनाही ते तसंच लागू पडेल.

एक गोष्ट आधी लक्षात घेऊ. सपाट स्लॅबच्या मधोमध दोन्ही मटेरियल सहसा टिकतात. पाणी शिरतं ते जिथे एक वस्तू संपून दुसरी सुरू होते तिथून. जुलै २०२४ च्या अखेरीस दिल्लीत जोरदार पाऊस झाला आणि नव्या संसद भवनाच्या लॉबीत पाणी ठिबकलं. लोकसभा सचिवालयानं कारण सांगितलं ते असं, की घुमटाच्या काचा बसवताना वापरलेलं चिकट द्रव्य थोडं सरकलं होतं. म्हणजे सांध्यातून. आपल्या गच्चीवर सांधे म्हणजे पाइप, कठडा, कोपरा आणि पावसाच्या पाण्याचं तोंड.

आता दिल्लीची गच्ची डोळ्यांसमोर आणा. चार मजल्यांची इमारत, प्रत्येक मजल्याचा मालक वेगळा. म्हणून गच्चीवर चार पाण्याच्या टाक्या, एसीच्या बाहेरच्या युनिटचे लोखंडी स्टँड, आणि एका कोपऱ्यात कठड्यापासून दोन इंचांवर उभे असलेले पाच-सहा पाइप. समजा गच्ची १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. हिचाच हिशोब करू.

मेम्ब्रेनचा रोल साधारण १ मीटर रुंद आणि १० मीटर लांब येतो, जाडी ३ किंवा ४ मिलिमीटर. आत पॉलिएस्टरचं कापड असतं. स्लॅबवर डांबरी प्राइमर मारून तो वाळू देतात. मग रोल उलगडत त्याची खालची बाजू बर्नरनं वितळवून चिकटवत जातात. शेजारचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर १० सेंटिमीटर चढवतात, टोकाला १५ सेंटिमीटर. आपल्या गच्चीला असे ९ पट्टे लागतील. त्यांच्यामध्ये ८ लांब सांधे, प्रत्येकी १२ मीटर, म्हणजे ९६ मीटर. रोल १० मीटरचा आणि गच्ची १२ मीटरची, म्हणून प्रत्येक पट्ट्यात एक आडवा सांधा, ते ९ मीटर. कठड्यावर चढवलेल्या पट्टीचा सांधा चारही बाजूंनी ४० मीटर. बेरीज १४५ मीटर. अजून एकही पाइप मोजलेला नाही.

१४५ मीटर सांधा हाताने वितळवायचा, तर तो नीट झाला हे ओळखायचं कसं? सांध्याच्या कडेला वितळलेल्या डांबराची बारीक, अखंड रेघ बाहेर आलेली दिसली पाहिजे. जिथे ती तुटते तिथे बोथट थापीचं टोक कडेखाली हलकेच घालून बघा. थापी आत गेली तर पाणीही जाणार. मोकळ्या, सरळ गच्चीवर चांगला मिस्त्री ही रेघ न तुटू देता काम करतो, आणि कारखान्यात ठरलेली ४ मिलिमीटर जाडी सगळीकडे मिळते. मेम्ब्रेनची खरी ताकद ही आहे.

अडचण कोपऱ्यात येते. मेम्ब्रेन हा सपाट कागद समजा. दोन भिंती आणि जमीन जिथे भेटतात तिथे कागद बसवायचा तर तो दुमडावा लागतो किंवा कापावा लागतो. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर, उदाहरणार्थ टाकीच्या चौथऱ्याच्या कोपऱ्यावर, कापलेला कागद उघडतो, आणि उघडतो तो नेमका पायथ्याशी, जिथे पाणी साचतं. म्हणून तिथे आधी वेगळं ठिगळ चिकटवून त्यावर मुख्य पट्टा आणायचा असतो. हे ठिगळ गाळलं की वरून काम सुंदर दिसतं आणि पहिल्या पावसात खालच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल येते.

पाइपाचं तर आणखी अवघड. दोन इंचांच्या फटीत ना हात जातो ना बर्नर. शिवाय पाइप पीव्हीसीचा. तो ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि बर्नरची ज्वाळा त्याच्या कितीतरी पट गरम असते. मिस्त्री पाइप वाचवायला ज्वाळा लांब धरतो, मग डांबर पुरतं वितळत नाही आणि चिकटल्यासारखं फक्त दिसतं. शेजारीच प्लॅस्टिकच्या टाक्या, एसीच्या नळ्यांवरचा फोम, वायर. तिथे आगीचा धोका खराच असतो. ज्वाळेचं काम चालू असताना अग्निशामक नळकांडं हाताशी हवं आणि काम संपल्यावर निदान तासभर कुणीतरी गच्चीवर थांबायला हवं.

पीयूचं गणित उलटं आहे. ते द्रव आहे, त्यामुळे १४५ मीटरचा सांधाच नाही. पाइपामागे वाकड्या ब्रशनं पोचता येतं. पण कारखान्यात ठरलेली जाडीही नाही. ती जागेवर, मिस्त्रीच्या हातानं ठरते.

पाइपाभोवती काम असं करायचं. स्लॅब आणि पाइप यांच्यातली पोकळी आधी न आकसणाऱ्या ग्राउटनं भरायची. नुसता सिमेंटचा लगदा आकसतो आणि पाइपाभोवती केसाएवढी फट सोडतो. मग पाइपाचा गुळगुळीत भाग पॉलिश पेपरनं खरवडायचा आणि कंपनीनं सांगितलेला प्राइमर लावायचा. पीयूचा एक हात मारून तो ओला असतानाच पॉलिएस्टरच्या कापडाची कॉलर त्यात बसवायची, १० सेंटिमीटर स्लॅबवर आणि १५ सेंटिमीटर पाइपावर चढेल अशी. कापड पूर्ण भिजलं पाहिजे. पांढरं राहिलं तर तिथे हवा अडकली आहे. कॉलर वाळल्यावर मग सगळ्या गच्चीचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा.

कठड्याच्या पायथ्याशी ज्याला आपण वाटा म्हणतो, त्याला इथले मिस्त्री गोला म्हणतात. पाण्याच्या तोंडाशी जो उथळ खळगा करतात तो खुर्रा. वाटा दोन्ही पद्धतींना लागतो, पण कारणं वेगळी. मेम्ब्रेन काटकोनात दुमडली की मागे पोकळी राहते आणि पाय पडला की ती फाटते. द्रवाचं असं, की धारदार कडेवरून तो मागे सरतो. कडेवर थर पातळ होतो आणि खळग्यात जाड. म्हणून आतले कोपरे वाट्यानं गोल करायचे आणि बाहेरच्या कडा घासून बोथट करायच्या. दोन्ही पद्धतींत थर कठड्यावर चढलाच पाहिजे. अंतिम फरशीच्या वर निदान १५ सेंटिमीटर, इथे बरेच जण ३० घेतात. मेम्ब्रेनची वरची कड भिंतीत खाच पाडून आत घ्यायची, नुसती प्लास्टरवर चिकटवून सोडायची नाही.

आता फसवणूक कुठे होते ते बघू. मेम्ब्रेनचे रोल मोजता येतात, पीयूची जाडी डोळ्यांना कळत नाही. पण हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर थर म्हणजे १ लिटर. आपली गच्ची ९६ चौरस मीटर, कठड्यावर ३० सेंटिमीटर चढवलं तर आणखी १२, एकूण १०८. वाळल्यावर दीड मिलिमीटर थर हवा तर १६२ लिटर. पण द्रवातला काही भाग उडून जातो. कंपनीच्या माहितीपत्रकात घन भाग ८० टक्के लिहिला असेल तर ओलं मटेरियल साधारण २०३ लिटर लागेल. बादलीत किती लिटर ते बघा आणि रिकाम्या बादल्या मोजा. निम्म्याच निघाल्या तर थरही निम्माच आहे.

माहितीपत्रकावर दुसरा आकडा मोठ्या अक्षरात असतो, चारशे टक्के ताण सहन करतो वगैरे. त्यानं भेगेची काळजी मिटत नाही. थर स्लॅबला पूर्ण चिकटलेला असतो. नवी भेग पडते तेव्हा ती शून्यापासून उघडते, आणि ताण घ्यायला थराकडे भेगेवरचा केसाएवढाच भाग असतो. म्हणून दिसणारी भेग आधी भरून तिच्यावर कापडाची पट्टी घ्यायची आणि हलणाऱ्या सांध्यावर न चिकटणारी टेप लावून वरून थर न्यायचा, म्हणजे ताण रुंद पट्टीत वाटला जातो.

पीयूचा मोठा शत्रू ओल. जुन्या दिल्लीतल्या घरांवर फरशीखाली मातीचा थर असतो, त्याला मड फुस्का म्हणतात. तो पाणी धरून ठेवतो, आणि वरून पीयू मारलं की उन्हात वाफ होऊन फोड येतात. तपासायला दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी टेपनं चिकटवा आणि रात्रभर ठेवा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं तर थांबा. दिल्लीच्या उन्हाळ्यात सकाळी थर लावला की काँक्रीट तापत जातं, आतली हवा फुगते आणि थराला सुईएवढी भोकं पडतात. पहिला हात दुपार उतरल्यावर, गच्ची थंड होत असताना मारावा. डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि दव असतं, तेव्हा टाळलेलं बरं. इथे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चांगले महिने.

मग निवड कशी करायची? मोकळी, मोठी गच्ची, पाइप थोडे, वरून फरशी येणार असेल तर मेम्ब्रेन. आपल्या उदाहरणासारखी गर्दीची गच्ची असेल आणि स्लॅब कोरडा असेल तर पीयू. पीयू उघडंच राहणार असेल तर वर उन्हाला टिकणारा टॉपकोट घ्या. बरेच पीयू उन्हात पिवळे पडून पांढरी भुकटी सोडतात. मधे मेम्ब्रेन आणि पाइपाशी पीयू असं मिश्रण बरेच ठेकेदार सुचवतात. ते तेव्हाच मान्य करा जेव्हा कंपनी त्या जोडीसाठी प्राइमर लेखी देते. डांबरातलं तेल वर येऊन पीयूला डाग पाडतं, मऊ करतं, आणि पाइपाभोवती एक नवा सांधा तयार होतो.

शेवटी पाण्याची परीक्षा, फरशी बसायच्या आधी. पीयू असेल तर साधारण आठवडाभर वाळू द्या. पाण्याची तोंडं बंद करून ५ सेंटिमीटर पाणी ४८ तास धरा, कठड्यावर खडूनं पातळी लिहा आणि खालच्या छतावर लक्ष ठेवा. गळालंच, तर पूर्ण चिकटलेल्या पीयूखाली भोक सहसा ओलीच्या वरच सापडतं. अर्धवट चिकटलेल्या मेम्ब्रेनखाली पाणी लांब धावतं, म्हणून तिथे ओलीच्या वरची जागा सोडून आधी पाइप आणि कोपरे तपासा.

पुढच्या भागात टाकीच्या चौथऱ्याबद्दल बोलू. तोवर तुमच्या गच्चीच्या कोपऱ्याचा फोटो काढून ठेवा, तुलनेला उपयोगी पडेल.