एक तारीख, खर्चाच्या गोषवाऱ्याची

सकाळी ९.००
पेमेंट अ‍ॅपमध्ये ‘गेल्या महिन्याचा खर्च’ दाखवणाऱ्या टीममध्ये मी काम करते. एक तारखेला आधी बघायचं ते महिना बरोबर जागी तुटला का. आमच्या सर्व्हरवर वेळ यूटीसीत नोंदली जाते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. एक तारखेला पहाटे दोनला दिलेलं रिक्षाभाडं तिथे आदल्या रात्री साडेआठचं दिसतं. वेळ बदलून घेतली नाही, तर ते मागच्या महिन्यात जमा होतं.

सकाळी १०.३०
आता वर्गवारी. यूपीआयवर नोंदणी होताना दुकानाला धंद्याप्रमाणे चार आकडी कोड मिळतो. क्यूआरमध्ये तो `mc` पुढे असतो:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Kirana&mc=5411
```

`5411` म्हणजे किराणा, `5812` म्हणजे हॉटेल, `5912` म्हणजे औषधांचं दुकान. पण कोड दुकानाचा असतो, वस्तूचा नाही. सुपरमार्केटमधून कुकर घेतला तरी तो किराण्यातच जातो.

दुपारी १२.००
खरी अडचण भाजीवाल्या मावशींची. त्यांचा क्यूआर वैयक्तिक खात्याचा, म्हणून कोड `0000`. अ‍ॅपला एवढंच कळतं की एका व्यक्तीला पैसे गेले. नावात ‘डेअरी’ किंवा ‘मेडिकल’ असेल तर अंदाज बांधता येतो. नुसतं माणसाचं नाव असेल तर आम्ही रक्कम ‘इतर’मध्ये ठेवतो.

दुपारी ३.००
बेरजेची तपासणी. चाचणीच्या खात्यात बँक आणि क्रेडिट कार्ड मिळून ५४,००० रुपये गेलेले दिसतात. त्यातले ८,००० स्वतःच्याच दुसऱ्या बँकेत गेले, तो खर्च नव्हे. १२,००० कार्डाचं बिल आहे. त्यातली खरेदी आधीच मोजलेली असल्याने ते पुन्हा धरायचं नाही. परत केलेल्या बुटांचे १,५०० खात्यात आले, तेही वजा. खरा खर्च उरतो ३२,५०० रुपये. बेरीज फुगलेली वाटली की आधी स्वतःच्या खात्यांतली ये-जा आणि कार्डाचं बिल तपासावं.

संध्याकाळी ५.००
ग्राहकांनी केलेले बदल आज लागू करायचे आहेत. एकाने एका व्यक्तीला दिलेले पैसे ‘घरभाडं’ म्हणून नोंदवले. हा बदल त्याच्या जुन्या-नव्या व्यवहारांना लागतो, इतर ग्राहकांना नाही. कारण त्याचा घरमालक दुसऱ्या कुणाचा भाऊ असू शकतो.

संध्याकाळी ६.३०
गोषवारे रवाना झाले. तुमचा उघडाल तेव्हा रंगीत चक्राआधी ‘इतर’ची रक्कम बघा. ती मोठी असेल, तर बाकीच्या टक्केवारीवर विसंबू नका. त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन-तीन नावांना योग्य वर्ग द्या. पैसे कुणाला गेले हे अ‍ॅपला कळतं. कशासाठी गेले, हे तुम्हीच सांगू शकता.