‘कु.’ म्हणजे नक्की काय?

‘कु. २ च. व्यानोदान.’

बीएएमएसची इंटर्नशिप करणारी माझी एक मैत्रीण या ओळीवर अडली होती. तिच्या आत्याचा पुण्यात आयुर्वेदिक दवाखाना आहे. आत्यांचे जुने केसपेपर नीट लिहून काढायचं काम सुट्टीत हिच्या गळ्यात पडलं. २ च. म्हणजे २ चमचे आणि व्यानोदान म्हणजे दोन्ही जेवणांनंतर, इथपर्यंत ठीक. पण ‘कु.’? कुटजारिष्ट जुलाबावर देतात. कुमारी आसवाने उलट पोट साफ व्हायला मदत होते. म्हणजे एका अक्षराने औषध पार दुसऱ्या टोकाला जाणार! आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, ‘अगं, पेशंट समोर असला की मला आठवतं.’ पेशंट समोर नव्हता.

तिच्या शेजारी बसून मी एक पेपर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. ४६ वर्षांच्या बाईंचा. मूळ नोंद एवढीच: ‘अ.पि. ३/१२. जि. साम. मल विबंध. अविप. ३ ग्रॅ. अपान. सू.शे. २-०-२. गुलकंद. तिखट आंबट बंद. ७/७.’

मला वाटलं, ३/१२ म्हणजे ३ डिसेंबर. नाही! ३/१२ म्हणजे ३ महिने आणि ७/७ म्हणजे ७ दिवस. डॉक्टरी लिहिण्याची ही जुनी पद्धत. बाहेरच्या माणसाने पेपर उतरवला की पहिली चूक इथेच होते, आणि ती चूक आहे हे कळतही नाही.

मैत्रिणीने चार भाग केले: तक्रार, परीक्षण, औषध, पथ्य. पहिल्याच भागात गाडी अडली. अ.पि. म्हणजे अम्लपित्त, पण ती पेशंटची तक्रार नाही, तो वैद्यांचा निष्कर्ष आहे. बाई काय म्हणाल्या होत्या? पेपरात नाही. बाई फेरतपासणीला आल्या तेव्हा आत्यांनी पुन्हा विचारून घेतलं आणि त्यांच्याच शब्दांत लिहिलं: ‘दुपारी चारनंतर छातीत जळतं, आंबट पाणी घशाशी येतं, दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही.’ अम्लपित्त गेलं खाली, परीक्षणात, साम जिभेच्या (म्हणजे पांढरा थर असलेल्या) शेजारी. असं वेगळं केलं की पुढच्या वेळी विचारता येतं, ‘चार वाजताचं जळणं कमी झालं का?’ नुसतं ‘अम्लपित्त बरंय का’ विचारलं की पेशंट मान डोलावतो आणि संपलं.

औषधात ‘सू.शे.’ म्हणजे सूतशेखर. पण साधा की सुवर्णयुक्त? दोन्ही मिळतात आणि किमतीत बराच फरक असतो. शिवाय त्यात शुद्ध केलेला पारा आणि बचनाग असतो, त्यामुळे किती दिवस घ्यायचं हेही त्याच ओळीत हवं. मूळ पेपरात ७/७ पार शेवटी, पथ्याच्या मागे लटकत होतं. ते गोळ्यांना लागू की पथ्याला? आत्या म्हणाल्या, साधा, ७ दिवस. तसं लिहिलं.

खरी गंमत पुढे आहे. मैत्रिणीने ‘सध्या चालू असलेली इतर औषधं’ अशी पाचवी ओळ वाढवली आणि ती भरायला जुने पेपर चाळले. वर्षभरापूर्वीच्या एका पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं: मेटफॉर्मिन. बाईंना मधुमेह! आणि पथ्यात गुलकंद, जो मुख्यतः साखरेचाच असतो. अविपत्तिकर चूर्णातही वजनाने जवळपास निम्मी साखर असते.

आत्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग हिशेब केला. चूर्ण ३ ग्रॅम दोनदा, म्हणजे साखर दिवसाला ३ ग्रॅम, चमचाभरही नाही. ते ठेवलं, पण शेजारी ‘साखरयुक्त’ असं लिहिलं. गुलकंद काढला. मेटफॉर्मिननेही काहींचं पोट बिघडतं, म्हणून ती गोळी कधी सुरू झाली आणि जळजळ कधी, हेही बाईंना विचारून लिहिलं. गोळी दीड वर्षापासून, जळजळ ३ महिन्यांपासून.

पथ्याचं ‘तिखट आंबट बंद’ सगळ्यात निरुपयोगी होतं, हे माझं मत. असं सांगितलं की माणूस मिरची सोडतो आणि सकाळी उपाशीपोटी चहा घेतच राहतो. नव्या पानावर आता आहे: उपाशीपोटी चहा नको, रात्री दही नको, इडली-डोसा आणि लोणचं महिनाभर नको, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, भाकरीवर तूप चालेल.

मैत्रिणीने स्वतःला एकच नियम घातलाय: कळलं नाही तर अंदाजाने भरायचं नाही, लाल पेनने ‘विचारणे’ लिहायचं. त्या ‘कु.’पुढे तेच लिहिलंय. त्या पेशंटचा फोन अजून लागलेला नाही.