हसवणारी माणसे (लेखांक ४) : खोड आधी, पालुपद नंतर

विनोदी पात्र लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा पालुपदापासून सुरुवात करतो. पात्राच्या तोंडी एखादे चटकदार वाक्य द्यायचे आणि ते दर पानावर वाजवायचे. दोनदा हशा येतो, तिसऱ्यांदा वाचक पान उलटतो. पालुपद कुठल्या खोडीतून आले हे ठरलेले नसते, म्हणून ते मरते. या आठवड्यात तेवढाच विषय घेऊ, आणि त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यात जाऊ. मराठी विनोदी गद्याची एक वाट तिथूनच निघाली आहे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी खामगावला आणि जळगाव जामोदला वकिली केली. 1902 साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात त्यांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख आला आणि पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ तयार झाले. त्यातले सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट मला आजही शिकण्याजोगे वाटते. त्यांची खोड एकच : जुन्या रूढीवर आंधळी निष्ठा. ते रूढीची टिंगल करत नाहीत, मनापासून तिची बाजू घेतात, आणि त्या वकिलीतच रूढीचे हसे होते. लेखाचा विषय बदलला तरी खोड तीच राहते, म्हणून वाचक या तिघांना ओळखू लागतो. कोल्हटकरांची मर्यादाही इथेच सांगतो. त्यांना शाब्दिक कोटीचा मोह आवरत नसे, आणि कोटी पुष्कळदा पात्राची न राहता लेखकाची होते. त्यांना गुरू मानणाऱ्या गडकऱ्यांनी ‘प्रेमसंन्यास’मध्ये विसरभोळा गोकुळ उभा केला. त्याला कोर्टात साक्षीला उभे केले की निम्मे काम त्याचा विसरभोळेपणाच करतो.

आता आपण एक पात्र घडवू. गाव जळगाव जामोद. याच तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि पाऊसपाण्याचे भाकीत ऐकायला माणसे जमतात. अशा मुलखात एक गृहस्थ असा कल्पू, ज्याला कुठल्याही गोष्टीत ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणता येत नाही. त्याला भास्करकाका म्हणू. मुक्काम बसस्टँडजवळची चहाची टपरी. ही झाली खोड. पालुपद मग आपोआप सुचते : “म्या तं आंधीच सांगतलं होतं.”

पहिल्या प्रसंगात त्याची पद्धत दाखवायची. नांदुऱ्याची बस कधी येईल, असे एकजण विचारतो. काका म्हणतो, “निघून गेली.” थोड्या वेळाने दुसरा विचारतो. त्याला म्हणतो, “अजून याची हाय.” बस आली की दुसऱ्याकडे बघून पालुपद. नसती आली तर पहिल्याकडे बघून. वाचकाला युक्ती कळली पाहिजे, पण काकाला ती युक्ती वाटता कामा नये. तो लबाड नाही, त्याला खरेच वाटते की आपण सांगितले होते. हा भेद पुसट झाला तर पात्र भामटे होते, आणि भामट्यावर माणसे हसतात पण त्याला जीव लावत नाहीत.

दुसऱ्या प्रसंगाला किंमत चढवायची. सुचणारी पहिली कल्पना अशी : पहिल्या सरीनंतर काका शेजाऱ्याला सोयाबीन पेरायला लावतो, पुढे पाऊस दडी मारतो, दुबार पेरणीची पाळी येते, आणि काका पालुपद म्हणतो. कागदावर ही चढण बरोबर दिसते. पण आमच्या भागात हा प्रसंग वाचून दाखवा, कोणी हसणार नाही. बियाण्याचे पैसे दुसऱ्याचे गेले आहेत. खोडीचा दंड काकाने भरला पाहिजे, गरिबाने नव्हे. म्हणून शेत काकाचेच करू. शेजारी थांबला, काकाने पेरले, आणि आता करपलेल्या तासाकडे बघत काका त्याच शेजाऱ्याला सांगतो की, “म्या तं आंधीच सांगतलं होतं.” शेजारी विचारतो, “कोनाले?” काका गप्प.

या दोन प्रसंगांच्या मध्ये एक प्रसंग असा हवा ज्यात पालुपद येतच नाही. टपरीवर चहा उतू जातो, सगळे काकाकडे बघतात, आणि काकाच्या तोंडात नेमका भज्याचा घास असतो. वाचक ते वाक्य मनात म्हणतो. इतके झाले की सवय वाचकाला लागली असे समजावे. तोपर्यंत पालुपदाला वळण देऊ नये.

तिसरा प्रसंग मुख्य. स्टँडच्या गर्दीत काकाचाच खिसा कापला जातो. माणसे जमतात, हवालदार येतो. काका सवयीने बोलून जातो, “हे होनार, म्या तं आंधीच सांगतलं होतं.” इथे हवालदाराचे उत्तर दोन प्रकारे लिहिता येते. एक : “चोराचं नाव सांगा, तुम्हाले आंधीच माहीत होतं तं.” दुसरे असे :

हवालदाराने खिशातून पेन काढला. वही उघडली.

“आंधीच?”

“हाव.”

“मंग सांगा नाव.”

मजकूर एकच, पण पहिल्यात ‘नाव’ हा शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच फुटला आणि उरलेले वाक्य त्याच्या मागे फरफटत गेले. दुसऱ्यात तो शेवटी आला. शिवाय पेन आणि वही यांनी थांबा दिला. छापील पानावर टिंबटिंब देऊन थांबा मिळत नाही, हाताला काम दिले की मिळतो. रंगमंचावर हेच करताना एक पथ्य पाळावे : ‘नाव’ नंतरच्या वाक्यात कथेला लागणारी माहिती ठेवू नये, ती हशात बुडते.

आता काकापुढे सोपी वाट आहे. ‘मले माहीत नव्हतं’ एवढे म्हटले की सुटका. तो म्हणत नाही. हवालदाराला संशय येतो, आणि खिसा कापला गेलेला माणूसच चौकीत जाऊन बसतो. खोड विनोद चालवते ती अशी : प्रसंग बाहेरून आला, पण त्याला वळण काकाच्या स्वभावाने दिले. त्याच्या जागी दुसरा माणूस असता तर तक्रार लिहून घरी गेला असता. आपल्या पात्राला ही कसोटी लावून बघा. माणूस बदलूनही प्रसंग तसाच घडत असेल, तर पालुपद नुसते वरून चिकटवलेले आहे.

शेवट काकूचा. ती चौकीत येते आणि तेच वाक्य नवऱ्याला ऐकवते, हे सगळ्यांना सुचेल, म्हणूनच ते टाळावे. त्याऐवजी ती दोन माणसांचा डबा पुढे ठेवते. हवालदार विचारतो, “बातमी इतक्या लवकर कशी लागली?” काकू म्हणते, “डबा तं सकाळीच भरला.”

पुढच्या लेखांकात काकाला जोडीदार देऊ. तोवर तुमच्या पात्राचा एक प्रसंग पालुपद न वापरता लिहून ठेवा, आणि घरातल्या एकाला मोठ्याने वाचून दाखवा.