बेचाळीस तासांचे अठरा कसे होतात

आमच्या आजोबांची देखभाल करायला मावशी येतात. तासाला ८० रुपये ठरले आहेत. रोज किती वेळ काम झालं ते मी एक्सेलमध्ये भरते आणि शनिवारी त्यांच्या हातात चिठ्ठी देते. एका आठवड्यात सोमवारी ७:१०, मग ६:५५, ७:२०, ७:०५, ६:४५ आणि शनिवारी ७:१५ असे तास झाले. खाली बेरीज मागितली, तर एक्सेलने `18:30` दाखवलं. सहा दिवस रोज सात-सात तास राबलेल्या बाईचे साडेअठरा तास! खरी बेरीज ४२ तास ३० मिनिटे आहे. चिठ्ठी तशीच गेली असती तर पूर्ण एका दिवसाची, म्हणजे २४ तासांची मजुरी बुडाली असती.

बेरीज मात्र चुकलेली नव्हती. एक्सेलच्या पोटात वेळ असा प्रकारच नाही, तिथे दिवस असतात. पूर्ण दिवस म्हणजे १, दुपारचे बारा म्हणजे ०.५, आणि एक मिनिट म्हणजे एका दिवसाचा १४४०वा भाग. आपले साडेबेचाळीस तास त्याच्याकडे १.७७०८३३ दिवस म्हणून पडून असतात. `h:mm` या रूपात तो घड्याळ दाखवतो. पूर्ण झालेला १ दिवस तारखेत जातो आणि उरलेले .७७०८३३, म्हणजे साडेअठरा तास, तेवढे समोर येतात. त्या बेरजेची नुसती किंमत दुसऱ्या रकान्यात चिकटवून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहिलं तर १ जानेवारी १९०० ही तारीख आणि पुढे साडेसहा असं दिसतं. एक्सेलचं दिवस मोजणं त्या तारखेपासून सुरू होतं. मावशींच्या कामाशी तिचा काही संबंध नाही.

घड्याळ नको, एकूण तास हवेत, हे एक्सेलला चौकटी कंसाने सांगायचं. रकान्याचं रूप `[h]:mm` केलं की `42:30` दिसतं. पण मला चिठ्ठीत वाक्य हवं होतं. मजकुराला `&` लावून बेरीज जोडली, तर रूप गळून पडतं आणि चिठ्ठीवर १.७७०८३३३३… असा आकडा उमटतो. म्हणून जोडण्याआधीच त्याचा मजकूर करून घ्यायचा:

```
="एकूण काम: "&TEXT(B8,"[h]:mm")
```

इथे `mm` ला मिनिटांचा अर्थ मिळतो तो शेजारच्या `[h]` मुळे. नुसती मिनिटं काढायला `TEXT(B8,"mm")` लिहिलं, तर एक्सेल तो महिना समजतो आणि ३० ऐवजी `01` देतो, त्याच १९०० सालचा जानेवारी.

मावशींना अपूर्णविरामापेक्षा शब्द बरे पडतात, म्हणून मला ‘४२ तास ३० मिनिटे’ असं हवं होतं. पहिल्यांदा सुचतं ते असं:

```
=INT(B8*24)&" तास "&MINUTE(B8)&" मिनिटे"
```

हे बहुतेक वेळा बरोबर चालतं, आणि म्हणूनच मला त्याची जास्त धास्ती वाटते. दिवसाचे अपूर्णांक संगणकात नेमके बसत नाहीत, केसभर कमी-जास्त होतात. बेरीज बरोब्बर ४२ तास असेल आणि आत ती ४१.९९९९९९… अशी साठली असेल, तर `INT` सरळ ४१ देतो. `MINUTE` मात्र जवळचं पूर्ण धरून ० देतो. चिठ्ठीवर ‘41 तास 0 मिनिटे’ येतं, एक तास गायब होतो आणि पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. ज्या आठवड्यात मिनिटं शून्य येतील, त्या आठवड्याची बेरीज हाताने ताडून पाहावी.

त्यापेक्षा आधी सगळ्याची मिनिटं करावीत, पूर्णांकात आणावीत आणि मगच फोड करावी. C8 मध्ये पहिली ओळ, D8 मध्ये दुसरी:

```
=ROUND(B8*1440,0)
=INT(C8/60)&" तास "&MOD(C8,60)&" मिनिटे"
```

C8 मध्ये २५५० येतात. साठाने भागल्यावर ४२ आणि बाकी ३०. पूर्णांकांचा भागाकार असल्यामुळे केसभर कमी पडण्याचा प्रश्न उरत नाही, आणि तारीख तर या हिशेबात कुठेच नाही.

मजुरीही या मिनिटांवरूनच काढावी: `=C8/60*80`, म्हणजे ३,४०० रुपये. B8 ला थेट ८० ने गुणलं तर १४१ रुपये ६७ पैसे येतात, कारण तिथे तास नसून दिवस आहेत.

D8 मधलं वाक्य फक्त वाचण्यापुरतं. तो मजकूर आहे, आकडा नव्हे. महिनाअखेरीला अशा चार वाक्यांची `SUM` घेतली तर उत्तर शून्य येतं. महिन्याची बेरीज C रकान्यातल्या मिनिटांची करायची आणि तिचं वाक्य पुन्हा नव्याने बनवायचं.