कोटेशनसोबतचं पत्र नीट वाचा

इंटिरियरचं कोटेशन म्हणजे आकड्यांचा तक्ता. ते आकडे कुठून आले, हे सोबतच्या पत्रात असायला हवं.

समजा, पत्रात लिहिलंय: बेडरूमचं कपाट ७ फूट रुंद, ८ फूट उंच, म्हणजे ५६ चौरस फूट, दर १,४०० रुपये, एकूण ७८,४०० रुपये. मोजमाप फक्त दर्शनी भागाचं आहे. म्हणून वरचा लॉफ्ट, आतले ड्रॉवर, बिजागऱ्या आणि जीएसटी या दरात आहेत की वेगळे, हे त्याच ओळीत लिहून घ्या. वाद बहुधा इथेच होतात.

प्लायवूडची निवड जागेवर ठरते. सिंकखालच्या कपाटाला पाणी लागतं, तिथे आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय योग्य. कोरड्या भिंतीवरच्या कपाटाला तो खर्च गरजेचा नसतो. माल आला की प्रत्येक शीटवरचा शिक्का सनमायका चिकटण्याआधीच पाहा. नंतर तो झाकला जातो.

पैशांचे हप्ते तारखांना न बांधता कामाला बांधा: १० टक्के ड्रॉइंग मंजूर झाल्यावर, ४० टक्के माल साइटवर आल्यावर, ४० टक्के सांगाडे उभे राहून सनमायका लागल्यावर, उरलेले १० टक्के दारं, ड्रॉवर तपासून ताबा घेतल्यावर. शेवटचा हप्ता हाती असला की किरकोळ दुरुस्त्या रखडत नाहीत.

‘४५ दिवसांत काम पूर्ण’ हे वाक्य अपुरं आहे. दिवस ड्रॉइंगवर सही झाल्यापासून मोजायचे की पहिला हप्ता दिल्यापासून, आणि तुम्ही मध्येच रंग बदलला तर किती दिवस वाढतील, हेही पत्रात हवं.