गोदामाची आग आणि दाव्याचं पत्र

समजा, भिवंडीतल्या कापडाच्या गोदामाला २ मेच्या रात्री आग लागली. विमा कंपनीला दुसऱ्याच दिवशी लेखी कळवायचं. तपशीलवार दावा पॉलिसीत दिलेल्या मुदतीत द्यायचा. पत्राच्या सुरुवातीला पॉलिसी क्रमांक आणि घटनाक्रम वेळेनिशी लिहावा: धूर कधी दिसला, अग्निशमन दलाला फोन कधी केला, आग कधी विझली. सोबत दलाचा अहवाल आणि पोलिसांचा पंचनामा जोडावा.

खरी कसोटी आकड्यांची. राख झालेला माल मोजता येत नाही, तो वह्यांतून उभा करावा लागतो. १ एप्रिलचा साठा ४२ लाख, नंतरची खरेदी १८ लाख, विक्री २५ लाख. विक्रीवर २० टक्के नफा धरला तर विकल्या मालाची खरेदी किंमत २० लाख. म्हणजे आगीच्या वेळी गोदामात ४० लाखांचा माल होता. अर्धवट भिजलेल्या तागांचे ४ लाख येतील, म्हणून नुकसान ३६ लाख. इथं अनेक जण विक्रीची रक्कम जशीच्या तशी वजा करतात आणि स्वतःचाच दावा ५ लाखांनी कमी करून ठेवतात.

पण विमा ३० लाखांचाच असेल, तर कंपनी तीन चतुर्थांशच, म्हणजे २७ लाख धरते आणि त्यातूनही पॉलिसीत ठरलेली वजावट करते. मला हा नियम व्यापाऱ्यांना आधीच समजावून सांगायला हवा असं वाटतं.

खरेदीची बिलं, जीएसटी विवरणपत्रं, बँकेला दिलेली साठ्याची पत्रकं जोडा. बँकेला दाखवलेला साठा वेगळा निघाला, की सर्व्हेअर तिथंच अडतो. जळका माल त्यानं पाहीपर्यंत हलवू नका.